मास्कची फुसफुस

धाकट्या लेकीला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षीची ही गोष्ट. मुलींना चार महिने पूर्ण झाले तो सोमवार. त्यांना बघायला म्हणून आजोबा सकाळीच घरातून निघाले. धाकटीचं घर दुसऱ्या मजल्यावर. सातव्या पायरीवर त्यांनी कठडा धरला, आठवी काही चढवेना. थोरला मुलगा मागून पिशवी घेऊन येत होता. तो वर पोचेपर्यंत वडील पायरीवर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल. शिट्टी मात्र वाजत होती ती छातीत.

"बाबा, थांबा, पाणी आणतो."

"पाण्यानं... काय... विझवायचंय?" म्हातारा तीन तुकड्यांत म्हणाला. एवढं बोलतानाही त्याचे ओठ जांभळे पडले.

त्या माणसाला बाजारपेठेत कानवाले मिस्त्री म्हणत. चाळीस वर्षं वेल्डिंगचं दुकान, त्यातली तीस वर्षं गॅसच्या नळ्या जोडण्याचं काम. नळीत कुठे गळती आहे हे लोक साबणाचा फेस लावून शोधतात. कानवाले आधी डोळे मिटून ऐकत आणि मग बोट ठेवत. बोट ठेवलं तिथे फेस लावला की फुगा यायचाच. थोरल्याला त्यांनी हेच शिकवलं होतं. फुसफुस ऐकू आली की आधी हात, मग तोंड. आधी गळती बंद करायची, चर्चा नंतर. थोरला आता स्वतः पंचेचाळीसचा होता, दुकान त्याच्याच हातात होतं, आणि वडिलांचं बोट आलं की त्याचा हात अजूनही आपोआप पुढे जायचा.

धुरानं आणि विड्यांनी म्हाताऱ्याची फुप्फुसं खाल्ली होती. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणत. म्हातारा म्हणायचा, "माझ्या छातीचा वाल्व अडकलाय. आत भरतं, बाहेर निघत नाही." खरं म्हणजे डॉक्टरांपेक्षा त्यानंच ते नीट सांगितलं होतं.

साडेनऊला ते रुग्णालयात पोचले. दहाला मनगटाच्या धमनीतून रक्त काढलं. वॉर्डच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलताना घाई करत नसत. कागद बघून त्यांनी थोरल्याला बाजूला घेतलं.

"रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलाय. चाळीसच्या आसपास असायला हवा, त्यांचा ब्याऐंशी आहे. त्यामुळे रक्त आंबट झालंय. तो आकडा सात पॉइंट चार असतो, यांचा सात पॉइंट चोवीस."

"ऑक्सिजन वाढवा की मग," थोरला म्हणाला. "सिलिंडर पूर्ण सोडा."

"तीच चूक करायची नाही. यांच्यासारख्यांना जास्त ऑक्सिजन दिला तर हा वायू आणखी वाढतो आणि माणूस गुंगीत जातो. बोटावरच्या चिमट्याचा आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव, एवढाच ठेवायचा. त्याच्या वर गेला तरी मला काळजी वाटते, खाली गेला तरी वाटते." मग त्यांनी पलंगाशेजारच्या पेटीवर हात ठेवला. "हे बायपॅप. तोंडावर घट्ट मास्क बसतो. ते श्वास घ्यायला लागले की यंत्र जोरानं हवा आत ढकलतं, सोडायला लागले की दाब कमी करतं. लोहाराचा भाता दुसऱ्या कोणी ओढावा तसं. त्यांच्या छातीचे स्नायू दमलेत, त्यांना टेकू मिळतो. श्वास खोल झाला की साठलेलं बाहेर पडतं. घशात नळी घालावी लागत नाही."

"आणि यानं नाही भागलं तर?"

"तर नळीचा विचार. ते तासा-दोन तासांत कळतं."

सिस्टर पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी म्हाताऱ्याला बसतं केलं, मास्क आधी हातानंच तोंडावर धरला, चार श्वास होऊ दिले आणि मग पट्टे लावले. "काका, यंत्राशी भांडायचं नाही. ते ढकलतंय ना, ढकलू द्या. तुम्ही आयुष्यभर सगळ्यांना ढकललंत, आता तुमची पाळी."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत हसू आलं. मास्कच्या कोपरावर, नळी जोडतात तिथे, बारीक भोकांची एक गोल रांग होती. तिथून हवा येत होती, सतत. फुस्स, फुस्स.

"कडेनं हवा निसटली, डोळ्यांत गेली, तर मला हाक मारा," सिस्टर थोरल्याला म्हणाल्या. "गळती वाढली की यंत्राला श्वास कळत नाही, मग ते चुकीच्या वेळी ढकलतं. पट्टे तुम्ही ओढू नका. नाकावर जखम होते."

थोरल्यानं मान हलवली. गळती वाईट, एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. कोपरावरच्या भोकांबद्दल सिस्टर काही बोलल्या नाहीत. पंचवीस वर्षं रोज तो आवाज ऐकणाऱ्या बाईला तो ऐकूच येत नसावा.

साडेअकराला पुन्हा रक्त काढलं. सात पॉइंट तीस, सत्तर. डॉक्टरीणबाईंचा चेहरा मोकळा झाला. आई घरून आली, तिनं नवऱ्याच्या पायांवर चादर ओढली. धाकटीनं फोनवर जुळ्यांचा आवाज ऐकवला. म्हातारा मास्क बाजूला करून दोन घोट पाणी प्यायला आणि म्हणाला, "दोघी मिळून माझ्यापेक्षा जास्त हवा घेतात." सगळे हसले. त्या दिवसाचं हसणं तेवढंच.

चारला वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला स्ट्रेचर आलं. एक बाई, छातीत कळ, सोबत सहा माणसं. सिस्टर आणि डॉक्टरीणबाई दोघी तिकडे धावल्या. इकडे म्हातारा अस्वस्थ झाला. उशीवर डोकं इकडून तिकडे, हात मास्ककडे.

"अहो, नका ना ओढू," आई म्हणाली.

तो ओढत नव्हता. त्यानं डोळे मिटले. कपाळावर आठी आली. मग उजव्या हाताची तर्जनी वर आली आणि नेमकी मास्कच्या कोपरावर टेकली. तिथेच. मग त्यानं थोरल्याकडे बघितलं.

थोरल्यानं हे बोट हजार वेळा पाहिलं होतं. त्यानं कान जवळ नेला. फुस्स. बोट लावलं, हवा बोटाला लागली. "आई, इथून गळतंय बघ. उघड गळतंय. यांना कोणाला दिसलं नाही!"

"सिस्टरना विचार ना."

"त्या कामात आहेत. आणि हे काय, दोन मिनिटांचं काम."

शेजारच्या ट्रॉलीवर पांढरी चिकटपट्टी होती. थोरल्यानं दातानं तुकडा तोडला. नळीवर जशी गुंडाळायची तशी, सुरकुती न पाडता, अर्धा पदर पहिल्यावर चढवत, तीन वेढे दिले. कडा अंगठ्यानं दाबून बसवल्या. फुसफुस थांबली.

यंत्राच्या पडद्यावर गळतीचा आकडा अठ्ठावीस होता, तो उतरत तीनवर आला. बोटावरचा ऑक्सिजन नव्वद होता, तो हळूहळू पंचाण्णव झाला. वडिलांचं बोट चादरीवर परत गेलं. पाच मिनिटांत ते शांत झाले, दहा मिनिटांत डोळे मिटले. आईनं पदरानं डोळे पुसले. "दोन दिवसांनी झोप लागली गं बाई त्यांना," ती कोणाला तरी म्हणाली, कोणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं.

थोरला खुर्चीत मागे रेलला. काम चांगलं झालं की अंगभर एक गरमपणा येतो, तो त्याला आला. कारागिराला तो ओळखीचा असतो.

वॉर्डच्या खिडकीतून उन्हाचा चौकोन फरशीवर सरकत होता. वडिलांचे हात गरम होते. गालांवर लाली होती, किती दिवसांनी. कपाळावर घाम. थोरल्याला वाटलं, अंगात जीव येतोय. आईला वाटलं, देवानं ऐकलं. पंचाण्णवचा आकडा हिरवा चमकत होता. तो ब्याण्णवच्या वर गेलाय, आणि वर गेला तरी काळजी वाटते असं सकाळी कोणीतरी सांगितलं होतं, हे त्या दोघांच्या ध्यानातही आलं नाही.

आत जायला एक नळी. ही साधी गोष्ट थोरल्यानं त्या पाऊण तासात एकदाही मनात फिरवली नाही. आत जायला एक नळी, तर सोडलेला श्वास जातो कुठे?

पाच वाजून गेल्यावर सिस्टर परत आल्या. पलंगापासून चार पावलांवर त्या थबकल्या. आधी पडदा नाही बघितला, आधी मान तिरकी केली, कानाकोपऱ्यात काही हरवल्यासारखी.

"आवाज कुठे गेला?"

"झोपलेत," आई कुजबुजली.

"मास्कचा आवाज कुठे गेला?" सिस्टर पुढे झाल्या आणि त्यांना पट्टी दिसली. त्यांनी ती एका झटक्यात ओरबाडून काढली. फुस्स करून हवा सुटली, इतकी जोरात की आई दचकली. "काका! काका, डोळे उघडा! काका!"

खांदा हलवला, भुवईवर अंगठा दाबला. म्हाताऱ्याच्या घशातून घोगरा आवाज आला, डोळे उघडले नाहीत.

"डॉक्टर!" ही हाक साऱ्या वॉर्डला ऐकू गेली.

रक्त पुन्हा निघालं. सात पॉइंट अठरा. कार्बन डायऑक्साइड अठ्ठ्याण्णव. कागद डॉक्टरीणबाईंच्या हातात होता आणि त्या तो उलटासुलटा करत होत्या, जणू मागे काही वेगळं लिहिलेलं असेल.

"ही पट्टी कोणी लावली?"

आई पटकन म्हणाली, "मी."

"मी लावली," थोरला म्हणाला. "तिला कात्रीसुद्धा नीट धरता येत नाही. मी लावली. गळत होतं. बाबांनी बोट दाखवलं."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कैक वर्षं वाटत राहिलं. त्या म्हणाल्या, "ती भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. सोडलेला श्वास तिथूनच बाहेर जातो. ती बुजवली की तोच श्वास नळीत फिरतो आणि परत आत जातो. ऑक्सिजन आम्ही वरून देतोच, म्हणून बोटावरचा आकडा छान दिसतो. आणि हा वायू वाढत जातो. ती झोप नव्हती."

थोरल्यानं आपल्या हातांकडे बघितलं. उजव्या अंगठ्याला पट्टीचा डिंक लागलेला होता.

त्यांनी दाब वाढवला, सोळावरून बावीसवर. यंत्रानं मिनिटाला निदान सोळा श्वास द्यावेत अशी सोय केली, कारण म्हातारा स्वतःहून पुरेसे घेत नव्हता. ऑक्सिजन कमी केला. सिस्टर पलंगापाशी खुर्ची ओढून बसल्या आणि दुसऱ्या एका सिस्टरना बाकीचा वॉर्ड बघायला सांगितला. "आता उलटी झाली तर मास्कमध्येच अडकेल," त्या म्हणाल्या. "म्हणून मी इथून हलणार नाही. तुम्ही छाती बघा. उंचावतेय ना? तेवढंच बघा."

"नळी घालायची का?" थोरल्यानं विचारलं.

"तास बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कारण सापडलंय, ते काढलंय. तासात जागे नाही झाले तर थांबणार नाही."

तो तास थोरल्यानं भोकं मोजण्यात घालवला. बावीस होती. प्रत्येकातून हवा येतेय का, हे तो हात न लावता, नुसता तळवा जवळ धरून बघत होता. ज्या आवाजाचा त्याला दुपारी राग आला होता तो आता थांबेल की काय, अशी त्याला भीती वाटत होती. एकदा यंत्र क्षणभर अडखळलं तर तो उभाच राहिला.

"बसा हो," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला दुसरा पलंग द्यायला जागा नाही माझ्याकडे."

साडेसहाला म्हाताऱ्याची बोटं हलली. पावणेसातला त्यानं डोळे उघडले आणि छताकडे असं बघितलं की जणू ते कोणीतरी वाकडं बांधलंय. सातला आकडा सात पॉइंट सव्वीस, कार्बन डायऑक्साइड एकोणऐंशी. आई रडली. थोरला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी मंगळवारी सकाळी म्हाताऱ्याला चहासाठी मास्कमधून दहा मिनिटं सुट्टी मिळाली. नाकावर लाल वळ उठला होता. बिस्किट चहात बुडवता बुडवता तो ऐकत होता. थोरल्यानं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

"भोकं बुजवलीस."

"तुम्हीच बोट दाखवलंत."

"माझं डोकं धुरानं भरलं होतं. तुझं कशानं?"

थोरला अंगठ्यावरचा डिंक नखानं खरवडू लागला.

"भोक दिसलं की आधी विचारायचं, हे ठेवलंय कशाला. गळती वेगळी, वाट वेगळी." म्हातारा दम घेऊन थांबला. "ते मी तुला शिकवलं नाही. हात शिकवला, तोंड राहून गेलं."

एवढं बोलून त्यानं बिस्किट खाल्लं. आपल्याला माफ केलं की नाही, हे त्या बोलण्यातून थोरल्याला कळेना. विचारायची हिंमतही होईना.

त्याच दुपारी डॉक्टरीणबाई पलंगावर टेकून बसल्या. मिस्त्री शुद्धीवर होते, आकडे बरे होते, म्हणूनच त्यांनी ती वेळ निवडली. "काका, एक विचारते. हे यंत्र पुन्हा कमी पडलं तर घशात नळी घालून मोठ्या यंत्रावर ठेवावं लागेल. तुमचं मत आत्ताच हवंय, तुमचंच."

"घातलेली नळी... निघते?"

"काहींची निघते. तुमची फुप्फुसं फार झिजलीत. निघेल, असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगू शकत."

"मग नको."

"बाबा!" थोरला उभा राहिला. "घाला म्हणा. अहो, घाला. माझ्यासाठी तरी."

म्हातारा त्याच्याकडे वळला. मास्क लावायची वेळ होत आली होती. "तुझ्या चिकटपट्टीसाठी मी नळी घालून घेऊ? तुला बरं वाटावं म्हणून?" मग आवाज उतरवून, "अरे, वेड्या. बस खाली."

कागदावर त्यानं सही केली. वेल्डिंगच्या बिलावर करायचा तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट देऊन.

बुधवारी सकाळी ताप चढला. छातीच्या फोटोत उजवीकडे खाली पांढरा डाग दिसला. कफ हिरवा आणि डिंकासारखा झाला, खोकून निघेना. मास्क काढून खोकायला लावलं की ऑक्सिजन घसरायचा, मास्क लावला की कफ आतच राहायचा. छातीवर थापट्या मारणाऱ्या बाई दोनदा येऊन गेल्या. सिस्टर बारीक नळीनं तोंडातला कफ ओढून काढत होत्या. दाब चोवीसवर नेला. दुपारी सात पॉइंट अठ्ठावीस, संध्याकाळी सात पॉइंट पंचवीस. ऊन उतरेपर्यंत म्हातारा थोडं थोडं बोलत होता. जुळ्यांची नावं त्यानं दोनदा विचारली. दोन्ही वेळा सांगितली, दोन्ही वेळा "बरं" म्हणाला.

गुरुवारी सकाळी थोरला आला तेव्हा वडील श्वास घेताना मान ओढत होते, पोट आणि छाती उलटसुलट हलत होती. तो थेट मास्ककडे गेला. वाकला, ऐकलं. तळवा धरला. बावीसच्या बावीस भोकांतून हवा येत होती. कडा कोरड्या, गळती बेताची. नळीत पाणी साठलेलं नाही, पीळ पडलेला नाही. त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"आवाज बरोबर आहे," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "सगळं बरोबर आहे. मग?"

त्यांच्या हातात कागद होता. सात पॉइंट सतरा, कार्बन डायऑक्साइड एकशे दोन. "यंत्र त्याचं काम करतंय," त्या म्हणाल्या. "पण ते टेकू देतं, जागा घेत नाही. आत कफ भरलाय, आणि माणूस दमलाय. याच्यापुढे नळीच असते, आणि ती त्यांनी नको म्हटलंय."

"माझ्या पट्टीमुळे?"

डॉक्टरीणबाईंनी लगेच 'नाही' असं म्हटलं नाही. विचार केला आणि मगच बोलल्या, म्हणून तो त्यांचं बोलणं पुढे धरून बसला. "सोमवारच्या पट्टीनं सोमवारी घात होत आला होता. त्यातून ते उठले. आजचा हा न्यूमोनिया आहे. त्या दिवशी ते जास्त दमले का, असं विचाराल तर ते मला माहीत नाही. आणि माहीत असल्यासारखं मी सांगणार नाही."

आई आली, धाकटी दोन्ही मुलींना घेऊन आली. सिस्टरनी आज कोणाला हटकलं नाही. धाप कमी वाटावी म्हणून डॉक्टरीणबाईंनी मॉर्फिनची छोटी सुई दिली. मग सगळ्यांना विचारून मास्कचे पट्टे सोडले आणि नाकाला साधी ऑक्सिजनची नळी लावली. नाकावरच्या वळाला आईनं हलकेच मलम लावलं. एका जुळीनं आजोबांचं बोट धरलं, तेच, उजव्या हाताची तर्जनी, आणि सोडेना.

यंत्र अजून चालू होतं. मास्क उशीशेजारी पडलेला, भोकांमधून हवा सोडत होता. सिस्टरनी थोरल्याकडे बघितलं. त्यानं स्वतः हात पुढे केला आणि बटण दाबलं. फुसफुस थांबली, आणि या वेळी ती थांबायलाच हवी होती.

जुळ्या चार महिने आणि तीन दिवसांच्या होत्या. त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी थोरल्याचे वडील, कानवाले मिस्त्री, वारले.